कडेच्या प्याद्याविरुद्ध हत्तीने डाव कसा वाचवायचा: बाजूने शह देण्याची पद्धत, पायरीपायरीने

चिपळूणपासून मालवणपर्यंतच्या रॅपिड स्पर्धांत हा शेवट वारंवार पटावर येतो. दोघांकडे एकेक हत्ती, पांढऱ्याकडे कडेचे एक प्यादे, आणि काळ्याकडे फक्त बचाव. शिकलेली मुलेही इथे हरतात. हरल्यावर ती हमखास म्हणतात, "सर, हत्ती प्याद्याच्या मागेच होता ना!" चूक नेमकी तिथेच असते. प्यादे सहाव्या ओळीत असताना हत्ती मागे नको, बाजूला हवा. सातव्या ओळीत गेल्यावर मात्र मागे हवा. एकाच प्याद्यासाठी दोन वेगळ्या जागा आहेत आणि बदलाची वेळ ओळखावी लागते. या बचावाला व्हान्चुराचा बचाव म्हणतात. जोसेफ व्हान्चुरा या चेक रचनाकाराची ही रचना १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

लेखात पांढरा प्यादे पुढे ढकलतो आणि काळा वाचवतो. प्यादे ए-पट्टीवर आहे. एच-पट्टीवर असेल तर सगळे आरशात पाहिल्यासारखे उलटे करा.

## पायरी १: पट मांडा आणि तीन गोष्टी जागेवर आहेत का ते पाहा

पांढरा: राजा बी४, हत्ती ए८, प्यादे ए६.
काळा: राजा जी७, हत्ती एफ६.

ही बचावाची मूळ घडी. पुढे कितीही गोंधळ झाला तरी काळ्याला हीच घडी पुन्हा मिळवायची असते. पांढऱ्याचा हत्ती प्याद्याच्या पुढे, ए८ वर आहे, त्यामुळे तोच प्याद्याची वाट अडवून बसला आहे. काळ्याचा हत्ती सहाव्या ओळीतून प्याद्यावर नेम धरून आहे. त्यामुळे पांढऱ्याचा हत्ती ए-पट्टी सोडू शकत नाही, सोडली की प्यादे जाते. हत्ती सुटायचा तर प्यादे राखायला राजाला यावे लागते, आणि राजा आला की बाजूने शह बसतो.

आता काळ्याच्या राजाची जागा. जी७ किंवा एच७, या दोनच. का, ते पटावर हलवून बघा, नाहीतर ऐन डावात राजा "मदतीला" निघतो. राजा एफ७ वर ठेवा आणि पांढऱ्याला ए७ खेळू द्या. काळा हत्ती ए६ वर मागे जातो. आता पांढरा हत्ती ए८ वरून एच८ ला. प्यादे मोकळे दिसते, काळा ते खातो, आणि लगेच एच७ वरून शह. राजाला हलावेच लागते आणि त्याच ओळीतला ए७ वरचा हत्ती जातो. राजा जी६ किंवा एच६ वर असेल तर इतकीही मेहनत नाही: पांढरा हत्ती जी८ किंवा एच८ वरून शह देतो आणि पुढच्या चालीला प्याद्याचा वजीर होतो. जी७ वर मात्र जी८ चा शह राजा खाऊन टाकतो आणि एच७ वर एच८ चा. म्हणून या दोनच जागा.

आणि हत्तीची पट्टी. एफ-पट्टी का, जी किंवा एच का नाही? अंतर जास्त तितके बरे हे खरे, पण इथे आपलाच राजा आडवा येतो. हत्ती एच६ वर आणि राजा जी७ वर असेल तर एच७ वरून सातव्या ओळीत दिलेला शह जी७ वरच अडतो, पलीकडे पोचतच नाही. एफ-पट्टीवरून पाचव्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या, चारही ओळी मोकळ्या राहतात. शिवाय जी७ वरचा राजा एफ६ च्या हत्तीला राखतो. तरीही पांढरा राजा ई५ वर आला की हत्ती तिथे ठेवू नका, बी६ ला सरकवा; का, ते पायरी २ मध्ये आहे.

तपासा: पांढरा हत्ती प्याद्याच्या पुढे आहे का? तो बाजूला किंवा मागे असेल तर ही पद्धत लागू पडत नाही. तेव्हा यातला एकही शह पाठ म्हणून देऊ नका.

## पायरी २: मागून बाजूला या, पण शह देत

प्रत्यक्ष डावात काळ्याचा हत्ती बहुतेक वेळा ए१ वर, प्याद्याच्या मागे असतो. प्यादे ए६ वर असताना तिथे राहणे का घातक, ते आधी पाहा. पांढरा राजा बी५ वर येतो. बी१ वरून शह, राजा सी६. सी१ वरून शह, राजा बी६. बी१ वरून शह, राजा ए७. आता पट्टीवरून शहच नाही, कारण प्यादे ए६ वर राजाच्या पाठीशी उभे आहे. राजाला घर मिळाले, पांढरा हत्ती मोकळा झाला, आणि काळ्याचा राजा जी७ वर दूर बसला आहे. असे डाव पांढरा जिंकतो.

म्हणून राजा प्याद्याजवळ पोचण्याआधी सहाव्या ओळीत या. येताना एक चालही फुकट घालवू नका. काळ्याचा हत्ती प्याद्यावरचा नेम सोडतो त्या क्षणी पांढऱ्याचा हत्ती सुटतो. म्हणून नेम सोडायचा तर शह देऊनच, कारण शह असताना पांढऱ्याला दुसरे काही करायला वेळच नसतो.

हे उदाहरण जवळून पाहू. पांढरा: राजा एफ३, हत्ती ए८, प्यादे ए६. काळा: राजा जी७, हत्ती ए१. चाल काळ्याची.

काळा हत्ती ए१ वरून एफ१ ला, शह. पांढरा राजा ई४ ला येतो. काळा हत्ती एफ१ वरून एफ६ ला. झाले, घडी बसली. पांढरा राजा ई४ वरून एफ६ ला भिडत नाही, म्हणून हत्ती तिथे सुरक्षित आहे. सगळा खेळ या दोन चालींचा आहे. राजा सी किंवा बी-पट्टीवर पोचेपर्यंत थांबलात तर ही संधी जाते.

सावधान: पांढरा राजा ई५ किंवा ई७ वर आला की हत्ती एफ६ वर ठेवू नका, लगेच बी६ ला सरकवा. नाहीतर पांढरा हत्ती जी८ वरून शह देतो, काळ्या राजाने तो खाल्ला की पांढरा राजा एफ६ चा हत्ती खातो आणि ए६ चे प्यादे सुटते.

## पायरी ३: राजा प्याद्याला भिडेपर्यंत शह नको

इथे घाई होते. शह देण्याचा मोह टाळा. पांढरा राजा प्यादे राखत नाही तोवर काळ्याचा हत्ती सहाव्या ओळीतच हवा, कारण प्याद्यावरचा नेम हीच पांढऱ्या हत्तीला बांधणारी दोरी आहे.

वरचा डाव पुढे चालवू. पांढरा राजा ई४ वरून डी५ ला येतो. काळा हत्ती एफ६ वरून बी६ ला सरकतो. ओळ तीच, नेम तोच. पांढरा राजा सी५ ला येऊन बी६ वर हल्ला करतो. काळा हत्ती परत एफ६ ला. नेम एकदाही सुटला नाही. पांढऱ्याला अजून काहीच मिळाले नाही.

आता चूक काय असते ते पाहा. पांढरा राजा बी४, काळा हत्ती एफ६, चाल काळ्याची, आणि काळ्याने "वेळ काढायला" हत्ती एफ१ ला नेला. पांढरा लगेच हत्ती ए८ वरून बी८ ला काढतो. काळा घाईने एफ६ ला परत आला तर पांढरा ए७ ढकलतो. काळा हत्ती ए६ ला मागे गेला की पांढरा हत्ती बी७ वरून शह देतो आणि त्याच चालीत बाजूने प्यादे राखतो. पांढरा राजा प्याद्याच्या मदतीला जवळच आहे, काळ्याचा राजा वेळेत पोचत नाही. एक चाल नेम सुटला आणि घडी मोडली. वेळच काढायचा असेल तर राजा जी७ वरून एच७ ला आणि परत, किंवा हत्ती सहाव्या ओळीतच सरकवा.

तपासा: काळ्याची प्रत्येक चाल झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा. माझा हत्ती प्याद्यावर नेम धरून आहे, किंवा मी शह देतोय? दोन्ही उत्तरे "नाही" असतील तर चूक झालेली आहे. अपवाद एकच, तो पायरी ५ मध्ये आहे.

## पायरी ४: राजा भिडला की शह, आणि तो राजाच्याच ओळीतून

पांढरा राजा ए५, बी५, बी६, बी७ किंवा ए७ वर आला की तो प्यादे राखू लागतो. आता पांढरा हत्ती सुटू शकतो. म्हणून ताबडतोब शह. राजा ज्या ओळीत आहे त्याच ओळीत एफ-पट्टीवरून हत्ती न्यायचा: पाचव्या ओळीत राजा असेल तर एफ५, सहाव्या ओळीत एफ६, सातव्या ओळीत एफ७. हत्ती एफ-पट्टीवरच वरखाली फिरतो, म्हणून चूक होण्याची जागा कमी.

डाव पुढे चालवू, आता काळा हत्ती एफ६ वर आणि पांढरा राजा सी५ वर आहे.

राजा बी५. हत्ती एफ५, शह.
राजा बी६. हत्ती एफ६, शह.
राजा बी७. हत्ती एफ७, शह.
राजा बी८. हत्ती एफ८, शह.

इथे थांबा आणि पटाकडे बघा. आठव्या ओळीत पांढरा राजा बी८ वर आणि त्याच्या पाठीशी ए८ वर पांढरा हत्ती. आता राजा सी७ ला गेला तर काळा एफ८ वरून थेट ए८ चा हत्ती खातो. राजाला बी७ किंवा ए७ लाच जावे लागते, म्हणजे तो हत्ती राखत राहतो. इथेच काळ्याला भीती वाटते, कारण राजा बाजूला झाला की ए८ चा पांढरा हत्ती एफ८ च्या काळ्या हत्तीसमोर येतो. पण चाल काळ्याची आहे. राजा ए७ ला जातो, आणि काळा हत्ती एफ७ ला, पुन्हा शह. हत्ती वाचला, शह चालू राहिला.

राजा बी६. हत्ती एफ६, शह.
राजा ए५. हत्ती एफ५, शह.
राजा बी४.

बी४ वरून राजा प्यादे राखत नाही. म्हणून पुढची चाल शह नाही. हत्ती एफ५ वरून लगेच एफ६ ला, सहाव्या ओळीत. पायरी १ मधली घडी परत बसली.

सावधान: राजा सी७ वर असताना सुस्त राहू नका, जरी तो प्यादे राखत नसला तरी. समजा राजा सी७, काळा हत्ती एफ६, आणि काळ्याने राजा एच७ ला हलवून वेळ काढला. पांढरा ए७ खेळतो. काळा हत्ती ए६ ला मागे जातो, पण पांढरा राजा बी७ ला येऊन त्याच हत्तीवर हल्ला करतो आणि प्यादेही राखतो. काळ्याला शह नाही आणि चाल गेलेली. म्हणून राजा सी७ वर आला की एफ७ वरून शह द्या. ए७ ची भीती राजा लांब असताना नसते, सातव्या ओळीत शिरल्यावर असते.

### पांढऱ्याने ए७ वरून शह दिला तर

पांढरा हत्ती ए८ वरून ए७ ला येतो आणि सातव्या ओळीतून काळ्या राजाला शह देतो. काळा राजा जी६ ला. आता हत्ती ए७ वर आहे, म्हणजे प्यादे पुढे जाऊ शकत नाही. काळ्याचे शह आधीसारखेच चालतात, पण एक गोष्ट बदलली: सातव्या ओळीत हत्तीला हत्ती भिडतात तेव्हा अदलाबदलीचा मोह होतो. बदलू नका. पांढरा राजा हत्ती खाऊन ए७ वर बसला की ए६ चे प्यादे एकटेच जिंकून देते. राजा बी८ वर गेला तर ए७ चा हत्ती खाऊ नका, एफ८ वरून शह द्या.

पांढरा हत्ती ए८ ला परतला की काळा राजा त्याच चालीत जी७ ला. जी६ वर राहिलात आणि पांढऱ्याने ए७ खेळले तर पायरी १ मधला जी८ चा शह आलाच.

## पायरी ५: ए७ खेळले की सगळे उलटे

हा तो अपवाद. पांढरा राजा बी४ वर आहे, काळा हत्ती एफ६ वर, आणि पांढरा प्यादे ए७ ला ढकलतो. आता सहाव्या ओळीतून प्याद्यावर नेमच राहिला नाही. काळा हत्ती एफ६ वरून ए६ ला, प्याद्याच्या मागे.

या क्षणापासून हत्ती मागेच. कारण प्यादे ए७ वर गेल्यावर राजाचे लपायचे घर, ए७, त्याच्याच प्याद्याने भरले आहे, आणि ए८ वर त्याचाच हत्ती आहे. म्हणजे आता मागून दिलेल्या शहांपासून राजाला आसरा नाही. जे ए६ वर असताना हरवत होते तेच ए७ वर वाचवते.

राजा बी५ ला येतो, ए६ च्या हत्तीवर. हत्ती ए१ ला, लांब जा. राजा बी६, प्यादे राखले, हत्ती सुटायच्या बेतात. हत्ती बी१, शह. राजा सी७, प्याद्याला सोडले. हत्ती ए१ ला परत. राजा बी७, पुन्हा प्यादे राखले. हत्ती बी१, शह. असेच. राजा ए६ वर आला तर ए१ वरून शह.

पांढऱ्याची एक शेवटची युक्ती असते: राजा प्यादे राखत नसताना हत्ती ए८ वरून जी८ ला, शह. राजाने हत्ती खाल्ला की ए८ वर वजीर होतो, तोही शह देत. घाबरू नका. काळा हत्ती ए-पट्टीवर मागे आहे, तो वजीर खातो. हत्ती मागे नसता तर डाव गेला असता. म्हणून ए७ नंतर हत्ती ए-पट्टीवर किंवा शह देत, या दोनच ठिकाणी असायला हवा.

तपासा: ए७ आल्यावर काळा राजा जी७ किंवा एच७ वर आहे ना? तो जागेवर नसेल तर हत्ती कितीही मागे असला तरी एच८ ची युक्ती बसते.

## सराव कसा करावा

पावसात लाइट गेली की ओटीवर दोघांनी पट मांडून बसण्यासारखाच हा सराव आहे. घड्याळ लावा, प्रत्येक चालीला ५ सेकंद. एक जण पांढरा, राजा हवा तिकडे फिरवतो, मध्येच ए७ ढकलतो. दुसरा काळा. काळ्याने चाल खेळण्याआधी तोंडाने बोलायचे: "भिडला, शह", "नाही भिडला, सहावी ओळ", "ए७, मागे". एक चूक झाली की डाव तिथेच थांबवा आणि आपण तीनपैकी कुठले वाक्य चुकलो ते पाहा. मुले बहुतेक दुसऱ्या वाक्यात चुकतात: राजा भिडलेला नसताना शह देऊन नेम सोडतात.

पायरी २ वेगळी सराव करा. पांढरा राजा दर वेळी वेगळ्या घरी ठेवा, काळा हत्ती ए१ वर, आणि काळ्याने दोन चालींत, शह देत, सहाव्या ओळीत पोचायचे. राजा ई-पट्टीवर असेल तर ई१ वरून शह देऊन ई६ ला पोचता येते, पण शहानंतर राजा ई६ ला भिडत नसेल तरच, आणि ई-पट्टी जवळची आहे. जमेल तेव्हा तिथून एफ६ ला सरका.

## बरोबरी कशी मागावी

प्रत्यक्ष स्पर्धेत पांढरा थांबत नाही, राजा फिरवत राहतो. तीच स्थिती, त्याच बाजूची चाल असताना, तिसऱ्यांदा येणार असेल तर आपली चाल पटावर न खेळता नोंदवहीत लिहा, घड्याळ थांबवा आणि पंचाला सांगा. आधी चाल खेळली तर तो दावा जातो. स्थिती समोरच्याच्या चालीने तिसऱ्यांदा आली असेल तर आपण काही न खेळता तसेच पंचाला सांगायचे.

रॅपिडमध्ये चाली लिहिणे सक्तीचे नसते, पण हा शेवट सुरू झाला की लिहायला घ्या. म्हणजे तिसरी वेळ दाखवता येते. दुसरा आधार ५० चालींचा: दोन्ही बाजूंनी ५० चाली प्यादे न हलता आणि काही न खाता गेल्या तर बरोबरी मागता येते. पांढऱ्याने ए७ ढकलले तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणून कागदाच्या कडेला ए७ कितव्या चालीला झाले ते लिहून ठेवा.